कॉलेजच्या सेमिनारसाठी कंपन्यांकडे स्पॉन्सरशिप मागताय? पत्रात त्यांचा फायदा कसा मांडायचा, गोव्यातलं एक उदाहरण घेऊन

कॉलेजांकडून कंपन्यांना जाणारी स्पॉन्सरशिपची पत्रं बहुतेक एकाच साच्यातली असतात. पहिला परिच्छेद कॉलेजच्या स्थापनेवर, दुसरा नॅकच्या ग्रेडवर, तिसऱ्यात सेमिनारचं लांबलचक नाव, आणि शेवटी एक ओळ की आपण उदार हस्ते सहकार्य करावं, आपला लोगो बॅनरवर लावण्यात येईल. वेर्ण्याच्या एखाद्या प्लांटमधल्या एचआर मॅनेजरच्या टेबलावर हे पत्र येतं तेव्हा त्याला कॉलेजबद्दल आपुलकी नसते असं नाही, पण त्याला पैसे मंजूर करून घ्यायला वरच्या माणसाला एक टिपण लिहावं लागतं आणि त्या टिपणात "आपल्याला यातून काय मिळणार" या रकान्यात काय लिहायचं ते त्याला आपल्या पत्रात सापडतच नाही. मग ते पत्र फाईलमध्ये जातं. म्हणून माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की पत्र असं लिहा की वाचणाऱ्याला त्यातली चार वाक्यं जशीच्या तशी उचलून आपल्या मंजुरीच्या टिपणात टाकता आली पाहिजेत.

हे नुसतं बोलून कळत नाही म्हणून एक उदाहरण घेऊया. समजा फोंड्याजवळचं एक कॉलेज आहे, केमिस्ट्री डिपार्टमेंट जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवसांचा राज्यस्तरीय सेमिनार घेतंय, विषय औषध कारखान्यातली गुणवत्ता तपासणी, साधारण १५० माणसं येणार, त्यात १०० विद्यार्थी आणि ५० प्राध्यापक नि कंपनीवाले. आकडे मी उदाहरणापुरते धरलेत, तुमच्याकडे वेगळे येतील, पण हिशोबाची पद्धत तीच राहील.

आधी किती कमी पडतंय ते काढा

पत्र लिहायला बसायच्या आधी बजेट पूर्ण पाहिजे. आपल्या उदाहरणात दोन दिवसांचं जेवण-चहा माणशी रोजचे २५० धरले तर ७५,००० होतात, बाहेरून येणाऱ्या चार वक्त्यांचा प्रवास, राहणं आणि मानधन ६०,०००, फोल्डर-पेन-सर्टिफिकेट वगैरे किट २२,५००, सारांश पुस्तिकेची छपाई १८,०००, बॅकड्रॉप-साऊंड-फोटो २०,०००, पोस्टर लावायचे बोर्ड भाड्याने १०,०००, बक्षिसं १२,०००, आणि किरकोळ १२,५००. एकूण २,३०,०००. आता जमेची बाजू बघा, विद्यार्थ्यांची फी ३०० प्रमाणे ३०,०००, बाकीच्यांची ७०० प्रमाणे ३५,०००, मॅनेजमेंट ४०,००० देतंय. म्हणजे १,०५,००० आले आणि १,२५,००० कमी पडतायत.

हा १,२५,००० चा आकडा महत्त्वाचा, कारण आपण कंपन्यांकडे तेवढेच मागणार. बरेच जण उगीच प्लॅटिनम, डायमंड, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी पाच-सहा खणांची टेबलं करतात, वरचा खण पाच लाखांचा ठेवतात, आणि मग वाचणाऱ्याला पहिल्या नजरेतच कळतं की हे टेबल कुठून तरी उचललंय. दोन दिवसांच्या राज्यस्तरीय सेमिनारला तीन प्रकार पुरे: एक मुख्य सहप्रायोजक ५०,००० चा, दोन सत्र-प्रायोजक २५,००० चे, आणि पुस्तिकेत पाच जाहिराती ५,००० च्या. बेरीज बरोबर १,२५,००० होते. आणि पत्रात हे सरळ सांगायचं की खर्च एवढा, फी आणि कॉलेजचे मिळून एवढे, उरलेले आम्ही उद्योगांकडून उभे करतोय. स्वतः कॉलेजने किती घातले ते दिसलं की समोरच्याला विश्वास वाटतो.

पैसे कुठल्या खिशातून येतात

कंपनीत एकच तिजोरी नसते, आणि इथेच बहुतेक पत्रं चुकीच्या दारावर जातात.

पहिला खिसा भरतीचा. वेर्णा, कुंडई, बेतोडा भागातल्या औषध कारखान्यांना क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये केमिस्ट्रीचे बीएस्सी, एमएस्सी झालेले पोरंपोरी लागतात आणि काही महिन्यांत सोडून जाणारे खूप असतात, त्यामुळे एचआरला जवळपासच्या कॉलेजातली मुलं हवीच असतात. फोंडा, डिचोली, साखळी इकडची मुलं घरून ये-जा करू शकतात, टिकतात, हा मुद्दा एचआरला एका वाक्यात कळतो. अशा कंपनीला लोगोपेक्षा मुलांशी बोलायला मिळालेला अर्धा तास जास्त मोलाचा.

दुसरा खिसा विक्रीचा. लॅबची उपकरणं, केमिकल्स, काचसामान विकणारे डीलर हे यातले. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजांचे लॅब-प्रमुख आणि कारखान्यांचे क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोलचे मॅनेजर, आणि सेमिनारला नेमके तेच ५० जण येणार आहेत. त्यांना टेबल द्या, चहाच्या जागेजवळ, आणि कोणत्या कॉलेजांचे किती प्राध्यापक येणार ते सांगा.

तिसरा खिसा मालकाचा. गावातली अर्बन बँक, पतसंस्था, सराफ, छापखाना, इंडस्ट्रियल इस्टेटमधला छोटा कारखाना जिथे मालक स्वतः बसतो. इथे टिपण-बिपण नसतं, निर्णय समोरासमोर होतो, मालकाची मुलगी किंवा भाचा आपल्याच कॉलेजात शिकलेला असतो. या लोकांना ५,००० ची जाहिरात आणि उद्घाटनाला सन्मानाने बसवणं पुरतं, आणि पत्र मराठीत दिलं तर उलट बरं वाटतं. प्लांटला मात्र इंग्रजीतलंच पत्र द्या कारण ते पुढे मुंबई किंवा हैदराबादच्या हेड ऑफिसला जाणार असतं.

चौथा खिसा सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजासाठी करायच्या खर्चाचा, आणि त्याच्याबद्दल जरा थांबून सांगायला पाहिजे कारण प्रत्येक मीटिंगमध्ये कोणी तरी म्हणतंच की सीएसआरमधून मागूया. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ज्या कंपनीची नेट वर्थ ५०० कोटी किंवा उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक आदल्या आर्थिक वर्षात झालं असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. पण सीएसआरच्या नियमांतच लिहिलंय की आपल्या मालाच्या मार्केटिंगचा फायदा घेण्यासाठी केलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही. म्हणजे आपण एकाच पत्रात "आपला लोगो, आपला स्टॉल, आपली जाहिरात" असंही म्हणतो आणि "आपल्या सीएसआर निधीतून" असंही म्हणतो तेव्हा समोरच्या सीएसआर अधिकाऱ्याला नाही म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. सीएसआर हवं असेल तर ते लॅबमधल्या उपकरणासाठी किंवा शिष्यवृत्तीसाठी वेगळं मागा, आणि त्यासाठी संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते ते आधी बघा. सेमिनारच्या पत्रात सीएसआर हा शब्द घालूच नका.

तसंच देणगी आणि स्पॉन्सरशिप हे दोन्ही शब्द एका पत्रात नकोत. देणगी म्हणजे बदल्यात काही नाही, जुन्या आयकर कायद्यातल्या ८०जी ची करसवलतीची पावती देता येते, स्पॉन्सरशिप म्हणजे बदल्यात प्रसिद्धी, तिचा कर वेगळा. दोन्ही मिसळलं की कंपनीचं अकाउंट्स खातं कागद परत पाठवतं.

फायदा लिहायचा म्हणजे काय लिहायचं

प्रत्येक फायद्याला चार गोष्टी जोडा: काय, कुठे, कधी, किती. "व्यापक प्रसिद्धी मिळेल" यात चारही नाहीत. "दोन्ही दिवस सभागृहाच्या दारापाशी चहाच्या जागेत सहा फुटी टेबल, सोबत दोन खुर्च्या आणि वीज, पहिल्या दिवशी सकाळी ८ पासून लावता येईल" यात सगळ्या आहेत, आणि कंपनीचा माणूस डोळ्यासमोर आणू शकतो की आपल्याकडून कोणाला पाठवायचं.

आपल्या उदाहरणातल्या ५०,००० च्या सहप्रायोजकाला मी असं देईन. पहिल्या दिवशी जेवणाआधी १५ मिनिटांचं बोलणं, कंपनीच्या क्यूसी प्रमुखाने त्यांच्या लॅबमध्ये दिवसभरात काय चालतं ते मुलांना सांगायचं, कार्यक्रमपत्रिकेत ते प्रायोजकांचं सत्र म्हणून स्पष्ट छापायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी २ ते ५ एक वर्ग त्यांच्या ताब्यात, तिथे शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या प्राथमिक मुलाखती घेता येतील, मुलांची यादी प्लेसमेंट सेल आठवडाभर आधी देईल. पुस्तिकेचं मागचं पान. बॅकड्रॉपवर लोगो. पाच माणसांना फी नाही. बस्स. २५,००० च्या सत्र-प्रायोजकाला एका सत्राच्या पडद्यावर सुरुवातीला नि शेवटी नाव, टेबल, आतलं पूर्ण पान, दोन माणसांना फी नाही. ५,००० ला अर्धं पान आणि आभारात नाव.

बॅकड्रॉपबद्दल एक बारीक गोष्ट, लोगो नेहमी वरच्या पट्टीत ठेवा. खाली ठेवलेले लोगो फोटोत कधीच दिसत नाहीत, पुढे पाहुणे बसलेले असतात, पुष्पगुच्छ असतात, टेबलाचं कापड असतं, आणि नंतर कंपनीला पाठवायला एकही फोटो मिळत नाही ज्यात त्यांचं नाव वाचता येतं. पोडियमच्या पुढच्या बाजूला एक छोटी पाटी लावली तर प्रत्येक वक्त्याच्या फोटोत ती येते, खर्च फार नाही.

मुलांची माहिती देताना मात्र सांभाळून. "सर्व विद्यार्थ्यांचा डेटा देऊ" असं पत्रात लिहू नका, २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय आणि कायदा नसता तरी मुलींचे फोन नंबर असे वाटायचे नसतात. नोंदणीच्या फॉर्मवरच एक चौकोन ठेवा की माझा बायोडेटा भरतीसाठी प्रायोजक कंपनीला द्यायला माझी संमती आहे, आणि ज्यांनी खूण केली त्यांचेच द्या. पत्रात "संमती दिलेल्या विद्यार्थ्यांचे बायोडेटा" असं लिहिलं की एचआरवाल्यालाही कळतं की ही माणसं व्यवस्थित आहेत.

काय द्यायचं नाही तेही ठरवा. पोस्टर स्पर्धेच्या परीक्षक मंडळावर प्रायोजकाचा माणूस घेतला तर त्याला त्याच्याच कंपनीत इंटर्नशिप करणाऱ्या मुलाला मार्क द्यावे लागतील अशी वेळ येऊ नये, नाहीतर बक्षिसावर बोट ठेवलं जातं. मुख्य व्याख्यान विकायचं नाही. पेपरात बातमी येईल आणि त्यात आपलं नाव येईल असं वचन कधी देऊ नका, बातमी छापायची की नाही आणि प्रायोजकांची ओळ ठेवायची की कापायची हे वर्तमानपत्र ठरवतं आणि जागा कमी असली की पहिली तीच ओळ जाते. आणि हजेरीचा आकडा फुगवू नका. १५० चे ५०० लिहिलेत आणि टेबलावर बसलेल्या माणसाने दोन दिवसांत १४० डोकी मोजली की पुढच्या वर्षी ते दार बंद.

गोव्यात अजून एक प्रश्न हमखास येतो, कॅसिनो आणि दारूवाले. पैसे तिथे आहेत आणि ते द्यायला तयारही असतात. तंबाखूच्या जाहिरातीला आणि तसल्या स्पॉन्सरशिपला २००३ च्या कायद्यानेच बंदी आहे त्यामुळे तो विषय संपतो, बाकीच्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे की शैक्षणिक कार्यक्रमाच्या बॅकड्रॉपवर ती नावं नकोत. पण माझं मत बाजूला ठेवा, कमिटीने पहिल्याच मीटिंगमध्ये प्राचार्यांकडून हे लेखी घ्या, म्हणजे जानेवारीत पैसे कमी पडले म्हणून कोणी अचानक नाव सुचवलं तर वाद होणार नाही.

पत्राचा नमुना

पत्र एक पान. दुसऱ्या पानावर फायद्यांचं टेबल आणि तिसऱ्यावर कार्यक्रमपत्रिका जोडली तरी चालेल, पण पहिलं पान एकटं वाचून कळलं पाहिजे कारण पुढे पाठवताना बऱ्याचदा तेवढंच जातं. कुंडईतल्या एखाद्या मध्यम कारखान्याला, जिथे संचालक इथलेच आहेत, असं लिहिता येईल:

> प्रति, संचालक महोदय
>
> विषय: औषध गुणवत्ता तपासणी सेमिनारचे सहप्रायोजकत्व, रु. ५०,०००
>
> महोदय,
>
> आपल्या क्यूसी विभागात आमच्या कॉलेजचे काही माजी विद्यार्थी काम करतात. यंदा आमच्याकडे बीएस्सी आणि एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला केमिस्ट्रीचे ६० विद्यार्थी आहेत, त्यातले बरेच फोंडा आणि डिचोली तालुक्यातले आहेत.
>
> येत्या जानेवारीत आम्ही औषध कारखान्यातील गुणवत्ता तपासणी या विषयावर दोन दिवसांचा राज्यस्तरीय सेमिनार घेत आहोत. साधारण १०० विद्यार्थी आणि ५० प्राध्यापक व उद्योगातील तंत्रज्ञ अपेक्षित आहेत.
>
> सहप्रायोजक म्हणून आपल्याला पुढील गोष्टी मिळतील: पहिल्या दिवशी आपल्या क्यूसी प्रमुखांचे १५ मिनिटांचे सत्र; दुसऱ्या दिवशी दुपारी २ ते ५ प्राथमिक मुलाखतींसाठी स्वतंत्र वर्ग आणि संमती दिलेल्या विद्यार्थ्यांचे बायोडेटा एक आठवडा आधी; सारांश पुस्तिकेचे मागचे पान; बॅकड्रॉपच्या वरच्या पट्टीत आपला लोगो; आपल्या पाच प्रतिनिधींना विनाशुल्क प्रवेश. औषध उत्पादक कंपन्यांपैकी सहप्रायोजक एकच घेणार आहोत.
>
> एकूण खर्च रु. २,३०,००० आहे. नोंदणी शुल्क व कॉलेजचा वाटा मिळून रु. १,०५,००० जमतील. उरलेली रक्कम तीन प्रायोजक आणि पुस्तिकेतील जाहिराती यांतून उभी करत आहोत.
>
> आपला निर्णय १५ नोव्हेंबरपर्यंत कळल्यास पुस्तिका व बॅकड्रॉपमध्ये आपले नाव वेळेत घेता येईल. पुढच्या आठवड्यात आपल्याला फोन करून भेटीची वेळ घेईन.
>
> आपला विश्वासू, प्राचार्य / समन्वयक

बघा, कॉलेजची स्थापना कधी झाली ते यात नाही, नॅक नाही, ते जोडपत्रात जाऊ दे. पहिल्या वाक्यात त्यांच्याच कारखान्यातली आपली मुलं आलीत. पण हे वाक्य खरं असेल तरच लिहा, आणि खरं आहे का ते माजी विद्यार्थ्यांना फोन करून विचारा. हीच मुलं तुम्हाला सांगतील की सही कोण करतं, प्लांट हेड स्वतःच्या अधिकारात किती मंजूर करू शकतो, एचआरच्या कोणाला भेटायचं. इस्टेटमधल्या कंपन्यांची नावं शोधायला गोवा चेंबर ऑफ कॉमर्स किंवा गोवा स्टेट इंडस्ट्रीज असोसिएशनकडे विचारता येतं, पण आतली माहिती माजी विद्यार्थीच देतात. डीलरला पत्र लिहाल तेव्हा हाच पहिला परिच्छेद बदला आणि येणाऱ्या प्राध्यापकांची कॉलेजं लिहा, मुलांचा विषय खाली जाऊ दे.

"एकच घेणार आहोत" हे लिहिलंत तर पाळायचं. दोन उपकरण-डीलर एकमेकांचे स्पर्धक असतात, दोघांनाही एकमेव म्हटलं आणि टेबलं शेजारी-शेजारी लागली की काय होतं ते सांगायला नको.

कधी पाठवायचं

गोव्याचं कॅलेंडर बघूनच. जानेवारी अखेरच्या कार्यक्रमाचं पत्र चतुर्थी झाली की तयार पाहिजे आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, दिवाळीच्या आधी, कंपनीत पोचलं पाहिजे. प्लांटमधून हेड ऑफिसला जाऊन मंजुरी यायला महिना-दीड महिना सहज लागतो. नोव्हेंबरमध्ये इफ्फी हा चित्रपट महोत्सव असतो, पणजीतली हॉटेलं आणि जाहिरातवाले त्यात गुंतलेले असतात. डिसेंबर विसरा, ३ तारखेला जुन्या गोव्याचं फेस्त, १९ ला मुक्तिदिन, मग नाताळ, आणि महिन्याच्या मध्यानंतर हॉटेलवाला तर फोनच उचलत नाही. हॉटेलकडून वक्त्यांच्या खोल्या सवलतीत हव्या असतील तर पावसाळ्यातच बोलून ठेवा, तेव्हा त्यांना बोलायला वेळ असतो. खोल्या, छपाई, चहा अशा वस्तुरूपाने मिळणाऱ्या मदतीलाही त्याच किमतीच्या प्रायोजकाइतकेच फायदे द्या, नाहीतर ४०,००० च्या खोल्या देणारा हॉटेलवाला ५,००० च्या जाहिरातीच्या रांगेत दिसतो आणि त्याला ते लागतं.

पत्र पोचल्यावर पाच-सहा दिवसांनी फोन. "पत्र मिळालं का" एवढंच विचारू नका, "क्यूसी प्रमुखांच्या सत्राबद्दल दहा मिनिटं बोलायचं होतं" असं म्हणा, कारण पहिल्या प्रश्नाला हो म्हटलं की बोलणं संपतं. भेटीला विद्यार्थ्यांना पाठवायचं तर प्राचार्यांच्या सहीचं अधिकारपत्र हातात द्या, आणि ५०,००० च्या भेटीला एचओडी स्वतः जाऊ देत.

समोरून "२५ नको, २० देतो" आलं तर नाही म्हणू नका, पण फायदाही तेवढा कमी करा, पूर्ण पानाचं अर्धं पान करा किंवा टेबल एकच दिवस. तेवढ्यातच सगळं दिलं तर दुसऱ्या २५ वाल्याला कळतंच, गोवा लहान आहे.

बिल, जीएसटी, टीडीएस

होकार आल्यावर पैसे अडकतात ते इथे. मोठी कंपनी आधी तुम्हाला व्हेंडर म्हणून नोंदवते, त्याला पॅन, रद्द केलेला चेक, जीएसटी नंबर किंवा आमची नोंदणी नाही असं सहीचं पत्र लागतं. बऱ्याच अनुदानित कॉलेजांचा पॅन हा संस्थेच्या नावावर असतो आणि पत्र मात्र कॉलेजच्या लेटरहेडवर गेलेलं असतं, मग नाव जुळत नाही म्हणून फाईल परत येते. म्हणून पत्र पाठवतानाच खातं, पॅन आणि बिलावरचं नाव एकच आहे ना बघा. सरकारी कॉलेज असेल तर कुठल्या खात्यात घ्यायचे ते प्राचार्यांकडून लेखी घ्या. कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका.

जीएसटीचं असं की स्पॉन्सरशिपवर १८ टक्के लागतो, शिक्षणाशी संबंधित कार्यक्रम आहे म्हणून माफ होत नाही. पण देणारी कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल आणि घेणारी आपली संस्था सोसायटी किंवा ट्रस्ट असेल तर हा कर रिव्हर्स चार्जने कंपनीच सरकारला भरते. जानेवारी २०२५ पासून नियम बदललाय तो घेणारा स्वतः कंपनीसारखा बॉडी कॉर्पोरेट असेल त्याच्यासाठी. म्हणजे आपण बिल ५०,००० चंच द्यायचं, त्यावर कर रिव्हर्स चार्जखाली देणाऱ्याकडून असं लिहायचं, ९,००० कंपनी भरेल आणि साधारणपणे तिला त्याचं क्रेडिट मिळतं. तुमची संस्था नेमकी कशात मोडते ते सीएकडून एकदा पक्कं करा.

टीडीएसही, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर, कापला जातो. आयकर खात्याने १९९५ च्या परिपत्रकात अगदी कॉलेजमधल्या सेमिनारचंच नाव घेऊन सांगितलंय की बॅनर वगैरे लावून प्रसिद्धीसाठी दिलेली स्पॉन्सरशिप हे जाहिरातीचं काम धरायचं, म्हणजे जुन्या आयकर कायद्यातलं कलम १९४सी. एक बिल ३०,००० च्या वर गेलं की संस्थेसाठी २ टक्के. त्यामुळे ५०,००० तले १,००० कापून ४९,००० हातात येतील, २५,००० वर काही कापणार नाहीत जोवर त्या कंपनीकडून वर्षभरात एक लाखाच्या वर येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा असल्यामुळे कलमाचा नंबर वेगळा दिसेल. ते १,००० संस्थेच्या रिटर्नमध्ये परत मागता येतात, फक्त प्रमाणपत्र मागून घ्या.

आणि सगळ्यात त्रासाचं म्हणजे बिल दिल्यावर ३० ते ४५ दिवसांनी पैसे येतात, बहुतेक वेळा कार्यक्रम होऊन गेल्यावर. केटररला मात्र आधी पाहिजेत. म्हणून पत्रव्यवहारातच अर्धी रक्कम पर्चेस ऑर्डरबरोबर मागा, जमलं नाही तर मॅनेजमेंटचे ४०,००० आणि फीचे ६५,००० आधी हातात येतील अशी सोय करा आणि केटरर, छापखाना यांच्याशी उरलेल्याची तारीख ठरवून ठेवा.

कार्यक्रमाच्या दिवशी आणि नंतर

कंपनीचं अकाउंट्स खातं बिल पास करताना पुरावा मागतं, की लोगो लागला होता का. म्हणून पहिल्या दिवशी सकाळी, लोक यायच्या आधी, एका विद्यार्थ्याला फक्त याच कामाला लावा: बॅकड्रॉप, पोडियम, टेबल, पुस्तिकेचं पान, प्रत्येक प्रायोजकाचे वेगळे फोटो. नंतर माणूस बोलताना, टेबलावर मुलं उभी असताना. हे फोटो नंतर काढता येत नाहीत.

दहा दिवसांच्या आत प्रत्येक प्रायोजकाला दोन पानांचा रिपोर्ट पाठवा. प्रत्यक्ष हजेरी किती, कुठल्या कॉलेजांतून, पत्रात लिहिलेला प्रत्येक फायदा आणि त्यासमोर तो कसा दिला, फोटो, पुस्तिकेची प्रत. एचआरवाल्या कंपनीला किती मुलांनी मुलाखत दिली तेही. एखादी गोष्ट राहिली असेल, समजा क्यूसी प्रमुखांचं सत्र वेळ संपली म्हणून झालंच नाही, तर ते लपवू नका, रिपोर्टमध्ये लिहा आणि बदल्यात काय देताय तेही लिहा, फेब्रुवारीत वर्गात एक तास किंवा रकमेत तेवढी कपात, कंपनी जे म्हणेल ते.

रिपोर्ट हातोहात द्यायला गेलात तर एक प्रश्न विचारून या, पुढच्या वर्षाचं बजेट तुमच्याकडे कधी बंद होतं. बऱ्याच ठिकाणी ते फेब्रुवारी-मार्चमध्येच ठरतं, आणि तेव्हा एचआरने आपल्या कॉलेजसाठी एक ओळ घालून ठेवली तर ऑक्टोबरचं पत्र नुसतं आठवण करून द्यायला लागतं. ते उत्तर, सही करणाऱ्याचं पद, बिल पास व्हायला लागलेले दिवस, हे सगळं डिपार्टमेंटच्या फाईलमध्ये लिहून ठेवा, पुढच्या वर्षी समन्वयक बदललेला असतो.